पुढच्या डाव्या चाकाची कॅप

माझ्या सासऱ्यांचा जीव दोन ठिकाणी अडकलेला आहे, एक त्यांची जुनी पांढरी गाडी आणि दुसरी माझी सासू. क्रम मी लावलेला नाही, ते स्वतःच असा सांगतात. मग आतून आत्यांचा आवाज येतो, "ऐकतीया मी." सासूला आम्ही आत्या म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. मामा लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. इस्लामपूरहून सांगलीकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं घर आणि मागे उसाचं रान. मी नोकरीमुळे साताऱ्यात राहते, नवरा सीमेवर. त्यामुळे गावाकडचं काहीही निघालं की मीच धावते, आणि धावताना कुरकुरतेही. तो माझा स्वभाव आहे.

त्या वेळी निघालं होतं ते आत्यांच्या डोळ्यांचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं झाली. ताटातली भाजी त्या वासावरून ओळखायच्या आणि माणूस चपलांच्या आवाजावरून. पण ऑपरेशन म्हटलं की म्हैस व्यायला यायची, नाहीतर ऊसतोड यायची, आणि म्हैस व्याली, तोड आली की वास्तुशांत निघायची कुणाची तरी. खरं कारण एकच होतं, भीती. "मला जागी ठिवून डोळा कापणार व्हय?" असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, आणि त्यांचा हात माझ्या हातात घट्ट होता. फोनवर आठवडाभर समजावलं तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. सांगलीच्या दवाखान्यात दहाला हजर व्हायचं होतं. ही तारीख चुकली तर आत्या पुन्हा तयार होणार नाहीत, हे मला माहीत होतं, मामांना माहीत होतं आणि आत्यांना तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले. सकाळी पावणेसातला पिशवी घेऊन अंगणात आले तर गाडीचं पुढचं डावं चाक बसलेलं. टायर जमिनीला चिकटून पार चपटा झाला होता.

आत्या ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या. मी काही बोलले नाही, पण माझं थांबणंच त्यांना कळलं.

"काय झालं गं?"

"काही नाही आत्या, चाक पंक्चर आहे. स्टेपनी लावते, दहा मिनिटं."

"बघा." त्या मामांकडे तोंड करून म्हणाल्या, "देवाचीच मर्जी न्हाई."

शेजाऱ्यांची जीप मागावी असं मी सुचवलं. त्यावर, परक्याच्या गाडीत बसून मी डोळा कापायला जाणार न्हाई, असं उत्तर आलं. म्हणजे याच गाडीनं, याच सकाळी. शिवाय एक अपशकुन झालेलाच होता. दुसरा झाला असता, नुसतं काही तुटल्याचा आवाज जरी आला असता, तरी त्या पिशवी उचलून घरात गेल्या असत्या आणि देवासमोर बसल्या असत्या. तिथून त्यांना उठवायची ताकद कुणात नाही.

स्टेपनी लावायची तर नट सैल करायचे, आणि नट सगळे कॅपच्या आड. आमच्या गाडीची चाकं साध्या पोलादाची आहेत, त्यांच्यावर चंदेरी प्लास्टिकच्या गोल कॅपा बसवलेल्या. कॅपा म्हणजे तीनच. चौथी, मागची उजवी, दोन वर्षांपूर्वी मी घालवली. घाईत मोठा स्क्रूड्रायव्हर एकाच ठिकाणी खुपसून उचकटली, दोन क्लिपा मोडल्या, तशीच परत ठोकून बसवली आणि आष्ट्याच्या पुढे ती उडून उसात गेली. मामा तेव्हा एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे महिनाभर ते त्या उघड्या चाकाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

तरीही त्या सकाळी मी डिकीतून पहिला काढला तो स्क्रूड्रायव्हरच.

"ठिव तो," मामा म्हणाले.

त्यांनी स्वतः हात लावला नाही, त्याचं कारण होतं. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. साधा नट धरायचा म्हटलं तरी तो बोटांतून निसटतो. मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. आत्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांना माहीत नाही, असं मामांचं ठाम मत होतं. म्हणून ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले, परेडला उभं राहावं तसे, आणि मला सांगू लागले.

"जाड अन् टोकदार न्हाई चालत. पातळ अन् रुंद पाहिजे. आतलं उलथनं आण. दोन आण."

उलथनी आणली. आत्यांचं जुनं उलथनं चाळीस वर्षं तव्यावर घासून घासून कडेला कागदासारखं झालेलं. त्याला फडकं गुंडाळलं. मामा म्हणाले, हवा भरायच्या नळीपाशी नको लावू, ती दुखावली तर दुसरंच संकट. मोबाइलची बॅटरी लाव आणि कॅपच्या फटींतून आत बघ. मी गुडघ्यांवर बसून बघितलं. आत कडेला थोड्या थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या आठ क्लिपा, आणि त्या सगळ्यांना आतून रेटून धरणारी तारेची एक गोल रिंग. ती रिंग क्लिपांना बाहेर ढकलते आणि क्लिपा चाकाच्या आतल्या खाचेत अडकून बसतात.

"जिथं क्लिप हाय, तिच्या अगदी शेजारी उचलायचं. दोन क्लिपांच्या मधी उचललंस तर कॅप वाकती अन् कड फुटती. आन् एका बाजूनं सगळी वर घ्यायची न्हाई. एक बाजू वर आली की समोरच्या क्लिपा खाचेत पिळत्यात, त्या तितंच मोडत्यात. जरा हितं, जरा तितं. गोल फिरत जायचं. आराम से."

ही "आराम से" म्हणजे लष्कराची देणगी. घरात कुठलंही अवघड काम निघालं की ती बाहेर येते.

मी क्लिपेशेजारी उलथनं टेकवलं. ते आत शिरेचना. दुसऱ्या ठिकाणी टेकवलं, तिथेही नाही. कॅपची कड आणि चाकाची कड जणू एकच वस्तू होती. नीट बघितलं तर दोन्हींच्या मधल्या फटीत चंदेरी रंग भरलेला, वाळून टणक झालेला.

"मामा, हा रंग कसला?"

मामा लिंबाच्या झाडाकडे बघायला लागले.

"गेटचा," ओट्यावरून आत्या म्हणाल्या. "गेटला लावून उरला हुता, तो खंडेनवमीला चाकास्नी लावला त्येंनी. मी आरतीचं ताट घिऊन उभी. उघड्या चाकाची पूजा कशी करायची, म्हणून तसल्या वल्या रंगावरच कॅपा ठोकल्या."

"तूच घाई लावलीस," मामा म्हणाले.

"व्हय, मीच रंगवलं चाक."

दसऱ्यात आमच्या भागात गाडीला अंघोळ, झेंडूची माळ, हळदकुंकू सगळं होतं आणि त्या उत्साहात असले प्रकार घरोघरी घडतात. पण वाहनांची डागडुजी करण्यात जन्म घालवलेल्या माणसानं ओल्या रंगावर कॅप बसवावी, हे जरा जास्तच होतं. दुसरी वेळ असती तर मी ते महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं.

"थिनर लावू का?" मी विचारलं.

"कॅपचं प्लास्टिक खाऊन टाकंल थिनर. रंगाची रेघ काप आधी."

झिजलेली सुरी आणून मी ती रेघ कापत बसले. चाकाचा पूर्ण गोल, तोही टायर चपटा असताना, म्हणजे खालचा भाग जवळजवळ झोपूनच. रंगाचे पापुद्रे निघत होते. वीस मिनिटं गेली. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या, आणि एकदा त्यांच्या मागे अडकलं की सांगलीला पोचायला दीड तास धरायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. मामा मात्र घड्याळाकडे बघतच नव्हते.

रेघ कापून झाली. फटीत गंजासाठी चार थेंब तेल सोडलं. मग क्लिपेशेजारी उलथनं सरकवलं, ते आत गेलं, आणि मी हळूच दाब दिला.

कर्र असा आवाज झाला.

आत्या ताडकन उठल्या. "तुटलं."

"नाही आत्या, नाही तुटलं." मी बॅटरी लावून बघितलं, खरंच तुटलं नव्हतं. पण थंडीनं प्लास्टिक इतकं कडक झालं होतं की पुढच्या दाबाला तुटलं असतं, हे मलाही कळत होतं. आत्यांनी पिशवी उचलली होती.

"ऱ्हाऊ दे मग आज," मामा म्हणाले. "जाऊ परत कवातरी."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. आठवडाभर माझ्याइतकंच त्यांनीही आत्यांच्या मागे टुमणं लावलं होतं. मला वाटलं, बायकोची घालमेल बघवत नाही म्हणून बोलले असतील. मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली.

आत्या घरात गेल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून, हातानं अंदाज घेत, पायऱ्या उतरून त्या गाडीपाशी आल्या आणि माझ्या शेजारी मातीत मांडी घालून बसल्या. ठेवणीतल्या साडीसकट. त्यांनी कॅपवरून हात फिरवला.

"गारठून दगड झालीया ही. झाकान बसलं डब्याचं तर आपण काय करतो गं? पाणी तापलंय बंबात. आण जा."

मी बादलीभर कढत पाणी आणलं, त्यात टॉवेल भिजवून पिळला आणि कॅपच्या कडेवर गोल ठेवला. निवला की पुन्हा. दुसऱ्या वेळी मी त्यांच्यासाठी चहाही आणला, दोघांना दोन कप. मामांनी पाठ वळवून कप घेतला.

"बशी नगा घिऊ त्येच्याखाली," आत्या म्हणाल्या. "वाजती."

मामा जागच्या जागी थांबले.

"वरीस झालं ऐकतीया मी. कप बशीवर थरथरतोय तुमचा. मला कळत न्हाई व्हय?"

मामांनी बशी ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कप धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाफेच्या नावावर खपवलं.

मग काम सुरू झालं. आत्यांची बोटं बारीक आणि लांब आहेत. त्यांनी कॅपच्या फटीतून दोन बोटं आत घातली आणि क्लिप चाचपली. "ही हितं हाय. लाव." मी तिच्याशेजारी उलथनं लावलं आणि केसभर उचललं. "हालली. बास. फुडं चल." पुढची क्लिप, पुन्हा तसंच. ऊन ऊन टॉवेलखाली प्लास्टिक आता लवत होतं, आवाज करत नव्हतं. पूर्ण एक गोल फिरलो, कॅप सगळीकडून सारखी, जेमतेम नखाएवढी वर आली. दुसरा गोल. मी जरा जोर लावला की आत्यांची बोटं मला आतून सांगायची, "तार वाकतीया, सोड." मोबाइलच्या उजेडात मला जे दिसत नव्हतं ते त्यांना बोटांत कळत होतं. मामा आमच्या डोक्यावर उभे होते आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या गोलात क्लिपा सुटायला लागल्या. प्रत्येक वेळी बारीक टक् व्हायचं. एक, मग तिच्या समोरची, मग मधली. शेवटी दोनच राहिल्या, समोरासमोर. आत्यांचं एक बोट अजून आत होतं. त्या थांबल्या.

"निघाली तर जावं लागंल, न्हवं?"

एवढा आठवडा मी त्यांना गोड बोलून, धाक घालून, नातवंडांची आण घालून तयार केलं होतं. त्या क्षणी त्यातलं काहीच माझ्या तोंडून निघेना.

"नाही निघाली तरी चालेल, आत्या," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं. मी तुम्हाला ओढून नेणार नाही."

हे मी मनापासून म्हणाले. इतकं साधं वाक्य मला आठवडाभर का सुचलं नाही, कोण जाणे.

त्यांचे ढगाळलेले डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते. मग त्यांनी हात पुढे केला, "एक उलथनं मला दे." मी दिलं. त्यांनी ते चाचपून त्यांच्या बाजूच्या क्लिपेशेजारी लावलं, मी माझ्या बाजूला. "एकदम," त्या म्हणाल्या. दोघींनी एकदम दाबलं, आणि कॅप सरळ बाहेर येऊन त्यांच्या मांडीत पडली.

त्यांनी ती उलटी करून बोटांनी क्लिपा मोजल्या. दोनदा मोजल्या.

"आठच्या आठ हायत्या," त्या म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या.

पुढचं काम किरकोळ होतं. मागच्या चाकांना विटा लावल्या, आधी नट सैल केले, मग जॅक चढवला, स्टेपनी लावली, जॅक उतरवून नट पुन्हा आवळले. कॅप डिकीत ठेवली, कारण रंग खरवडल्याशिवाय ती कुठल्याच चाकावर बसवायची नाही असं मामांनी हळूच सांगितलं. गाडी मी चालवली. आत्या मागे बसल्या होत्या, साडीला मातीचे डाग, आणि ट्रॉल्यांमागून सरपटत जाताना त्या एकदाही मागे फिर म्हणाल्या नाहीत. दहाला पाच कमी असताना आम्ही पोचलो.

नर्सनं त्यांचा हात धरला तेव्हा आत्यांनी माझा हात सोडला आणि त्या गेल्या. दार बंद झालं. मामा बाकावर माझ्या शेजारी बसले, थरथरता हात मांडीखाली दाबून. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतायत.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाटत हुतं, निघू नये ती कॅप."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मीच तिच्या मागं लागलो हुतो. पर काल रातभर जागाच हुतो मी. दिसत नसलं तरी ती घरात हाय, माझ्याशी भांडतीया. हितं काय चुकलं अन् ती अंधारातच ऱ्हायली तर? मग मी काय करू?"

लष्करात राहिलेल्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी त्यांचा हात मांडीखालून काढून माझ्या हातात घेतला. सासऱ्यांचा हात असा धरायची आमच्याकडे रीत नाही, पण मी धरला, आणि त्यांनी धरू दिला.

अर्ध्या-पाऊण तासानं आत्या बाहेर आल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टर म्हणाले, छान झालं, उद्या पट्टी काढायला या. मामा उठून दोन पावलं पुढे आले. आत्या त्यांच्या चपलांच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "पलटणीत असताना थंडीच्या गावाला हुतो आपण, तवा सायबांच्या गाडीची कॅप निघाली न्हाई की माझ्याकडनं कढत पाण्याची किटली मागून न्यायचा तुमी. आज का न्हाई मागितली?"

घाईचा, विसरल्याचा, कशाचाच बहाणा मामांनी केला नाही.

"भ्यालो हुतो," ते म्हणाले.

"मी बी," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमी किटली मागायची वाट बघत बसले हुते ओट्यावर. म्हटलं, मागितली न्हाई तर आपण बी गप बसायचं."

"मग पाण्याचं का बोललीस?"

आत्यांनी हात पुढे केला. हवेत थोडं चाचपल्यावर त्यांना मामांचा हात सापडला, आणि तो थरथरणारा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तुमी लय म्हातारं झालासा म्हणं," त्या म्हणाल्या. "बघायचं हुतं मला."